‘तरी’ कुठे ठेवायचं

ती. आई-बाबा,

बाबा, रागावू नका, पण ईशावास्याच्या पहिल्या मंत्रातली ती ओळ भाषांतरात तुम्ही शिकवलीत तशी ठेवली नाहीये. काल रात्री बदलली आणि सकाळी संपादकांना मेलसुद्धा करून टाकली, म्हणजे विचारत नाहीये, नुसतं सांगतेय.

अडलं होतं एवढ्याशा ‘स्वित्’वर. मा गृधः कस्यस्विद्धनम्. एका दमात म्हटलं की तुमचा अर्थ, कुणाच्याही धनाची हाव धरू नकोस. ‘गृधः’पाशी श्वास घेतला की मात्र, हाव धरू नकोस, धन आहे तरी कुणाचं? मूळ ओळीत ना स्वल्पविराम ना प्रश्नचिन्ह, दोन वाजेपर्यंत दोन्ही तऱ्हांनी पुटपुटत बसले होते, हळूच, कारण भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचं तान्हं बाळ. मग तुम्ही म्हणून घ्यायचात तो यक्षप्रश्न आठवला, किंस्विद्गुरुतरं भूमेः, पृथ्वीहून जड काय, तिथे ‘स्वित्’ प्रश्नालाच चिकटलेलं. (आई, उत्तर ‘माता’ आलं की तू कणीक मळता मळता म्हणायचीस, हो, जड मीच! पण आकाशाहून उंच पिता, ते बाबांना आवडायचं.)

शिवाय त्याच मंत्रात आधी म्हटलंय की हे सगळं ईशाने व्यापलेलं, मग शेजाऱ्याचं आणि माझं वेगळं कुठून काढायचं? तरी हात धजत नव्हता. मराठीत दोन्ही ओळी लिहून पाहिल्या, तेव्हा दिसलं की आपल्याकडेही सगळं एका ‘तरी’वर आहे. ‘कुणाचं तरी धन’ म्हटलं की ते कुणाच्या मालकीचं झालं, ‘धन तरी कुणाचं’ म्हटलं की मालकच गेला. शब्द तेच, ‘तरी’ फक्त सरकलं. मी सरकवलं.

तुमचा अर्थ खोटा नाही हं बाबा. शंकराचार्यांनी तोच आधी दिलाय, ‘स्वित्’ला अर्थ नाही, नुसता निपात आहे असं म्हणून, आणि माझा नंतर, ‘अथवा’ करून. तुमचा टिपेत पूर्ण घातलाय. कंस घालून दोन्ही ओळीतच बसवता आले असते, पण मग ती म्हणता येत नाही. आणि परसातल्या पेरूंवरून तुम्ही मला ज्या अर्थाने ओरडलात तो मी विसरेन होय? वाड्याचं मात्र यात काही मनात नव्हतं, खरंच, काकांना वाचायला दिलंत तरी चालेल.

मी दोन्ही वेळ नीट जेवते, भाजी स्वतः करते, गादीही नवी घेतली, जागरण फक्त कालचंच. आई, बीपीची गोळी सकाळीच घे, ‘आज बरं वाटतंय’ म्हणून सोडायची नाही. बाबा, पहाटे अंधारात फुलं काढायला जायचं नाही, गुडघा आधी. जिन्यातला दिवा रात्रभर चालू ठेवा, बिल मी भरतेय ना.

तुमची,
चिमी