देवीची संध्याकाळची आरती बाहेरगावच्या घरापर्यंत : मंदिर समितीचे आवाहन

गावकरी मंडळी आणि कामासाठी पुणे, मुंबई, सुरतेला गेलेल्या आपल्या लेकरांनो,

गेल्या नवरात्रात पहिल्या माळेची आरती आपण थेट दाखवायला गेलो आणि जोगव्याच्या आतच चित्र गोठलं. दुपारी 3 वाजता तपासलं तेव्हा अपलोडचा वेग 5 एमबीपीएस होता. संध्याकाळी 7 वाजता सोयाबीन सोंगून माणसं वावरातून घरी आली, सगळ्यांचे मोबाइल सुरू झाले आणि तोच वेग 1 च्याही खाली आला. आपण मात्र 3 एमबीपीएसवर अडून होतो, म्हणून आवाजही तुटला. पुण्यात बसलेल्या आईबापांना अर्धी आरती दिसलीच नाही, याची खंत आहे.

यंदा वेग संध्याकाळी 7 लाच मोजायचा आणि त्याच्या निम्म्यावर प्रसारण ठेवायचं. 2 एमबीपीएस मिळाले तर 1 वर, म्हणजे 480p. चाळीस मिनिटांच्या आरतीला साधारण 300 एमबी डेटा जातो. तेवढाही वेग नसला तर देवीचा एक फोटो स्थिर ठेवून नुसता आवाज पाठवायचा, त्याला फार थोडं नेट पुरतं. यूट्यूबवर `Auto-stop` बंद ठेवायचं, म्हणजे नेट तुटलं तरी प्रसारण लगेच संपत नाही आणि तीच लिंक पुन्हा चालते. सोबत दुसऱ्या फोनवर पूर्ण आरती रेकॉर्ड होईल. ती रात्री 11 नंतर, नेट मोकळं झालं की चढवू.

थेट प्रसारणाचा फोन गाभाऱ्याच्या दाराच्या डाव्या बाजूला, खांद्याच्या उंचीवर राहील. समोर ठेवला की आरती करणाऱ्याची पाठच दिसते. निरांजनाच्या ज्योतीने चित्र क्षणात काळं, क्षणात पांढरं होतं, म्हणून फोनच्या स्क्रीनवर मूर्ती दिसते तिथं बोट दाबून धरून उजेड कायम करून घ्यायचा. माइक झांजांपासून लांब ठेवायचा. दुसरा फोन सभामंडपातून फक्त रेकॉर्डिंग करेल.

चॅट बाहेरगावच्या मुलामुलींनी सांभाळावा, कारण त्यांच्याकडे नेट पक्कं असतं. कोणी देणगीच्या नावाने क्यूआर कोड किंवा नंबर टाकला तर तो लगेच काढायचा. समिती चॅटमध्ये कधीही पैसे मागणार नाही. चित्र अडकलं तर त्यांनी आम्हाला साधा फोन करून सांगावं, आम्हाला इथं ते कळतच नाही.

आम्हाला हवे आहेत : चालू स्थितीतले दोन जुने फोन, दोन स्टँड, वेगळ्या कंपनीच्या सिमचं एक राउटर, लाइन गेली तर राउटर चालवायला एक लहान इन्व्हर्टर आणि चॅटसाठी चार जण. वस्तू द्या किंवा रोख रक्कम मंदिरात पावती घेऊन जमा करा. ज्यांच्या घरी संध्याकाळी नेट बरं चालतं, त्यांनी कंपनीचं नाव तेवढं सांगितलं तरी मोठी मदत होईल.

चाचणी घटस्थापनेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी 7 वाजता आहे. त्या दिवशी मंदिरात या, आणि बाहेरगावच्यांनी लिंक उघडून बसा.

— मंदिर समिती