दाहिनी घ्या, पण धूर जाळणारी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नगरपालिकेने स्मशानभूमीत विद्युतदाहिनी बसवण्याचा ठराव केला, तेव्हापासून आपल्या पत्रांच्या सदरात दोन तट पडलेले दिसतात. एका तटाचे म्हणणे, विजेला धूर नसतो, तेव्हा लाकूड एकदाचे बंद करा. दुसऱ्या तटाचे म्हणणे, वीज कोळशावरच होते, म्हणजे आपला धूर उचलून चंद्रपूरकरांच्या दारात टाकायचा. माझी सारी नोकरी साखर कारखान्याच्या बॉयलर हाऊसमध्ये झाली. चिमणीकडे बघून आत काय चालले आहे ते ओळखणे हेच तिथले काम. त्या सवयीने सांगतो, दोन्ही तटांचे म्हणणे अर्धेच खरे आहे.

धूर म्हणजे न जळलेले इंधन. लाकूड तापले की आधी त्यातून वायू आणि डांबरासारखी वाफ सुटते. तिला पुरेशी उष्णता आणि पुरेशी हवा एकाच जागी मिळाली तर ती ज्योत होऊन जळते. नाही मिळाली तर वर जाऊन थंड होते आणि तिचे बारीक थेंब नि काजळी आपल्या नाकात जातात. बॉयलरची भट्टी चारही बाजूंनी विटांनी बंद असते ती यासाठीच, उष्णता आत कोंडून राहावी म्हणून. सरण उघड्यावर असते. बाहेरून गार वारा लागतो, खालचे ओंडके जमिनीला टेकून गच्च बसलेले असतात, त्यामुळे तिथे हवा पोचत नाही. म्हणून भडाग्नी दिल्यावर पहिला अर्धा तास सर्वांत वाईट. आधी पांढरा दाट धूर, मग कोणीतरी रॉकेल किंवा डिझेल ओतले की काळा. मधल्या वेळात सरण ढणाढणा पेटलेले असते तेव्हा धूर खरोखर कमी असतो. लोक घरी गेल्यावर निखारे रात्रभर धुमसतात. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, म्हणून त्याची तक्रारही कोणी करत नाही.

यात ओल्या लाकडाचा वाटा मोठा आहे. वखारीत लाकूड वजनावर विकले जाते आणि पावसाळ्यात त्या वजनात पाणीच भरलेले असते. ३०० किलो लाकडात ४० टक्के ओल असेल तर १२० किलो नुसते पाणी. साठ किलोच्या देहात पाणी असते साधारण ४० लिटर. म्हणजे देहातल्या पाण्याच्या तिप्पट पाणी आपण सरणावर वेगळे रचतो, त्याची वाफ करण्यात उष्णता घालवतो आणि मग पेटत नाही म्हणून रॉकेल मागवतो. नुकते तोडलेले लाकूड ओळखायला यंत्र लागत नाही. टोकांना भेगा नसतात, साल सुटत नाही आणि एक ओंडका दुसऱ्यावर आपटला तर खणखणीत आवाज येत नाही. वर्षभर छपराखाली ठेवलेले लाकूड वापरले, तर दाहिनी येण्याआधीच धूर बऱ्यापैकी कमी होईल. त्यासाठी ठराव लागत नाही, छपराला पत्रे लागतात.

धूर किती, याचा अंदाज असा. उघड्यावर लाकूड जाळले की एका किलोमागे साधारण ५ ते १५ ग्रॅम अतिसूक्ष्म कण हवेत जातात. हेच कण पीएम २.५ म्हणून ओळखले जातात. मधला १० ग्रॅमचा आकडा धरला तरी ३०० किलोला ३ किलो कण झाले. आपल्याकडे चोवीस तासांच्या सरासरीची मर्यादा एका घनमीटर हवेला ६० मायक्रोग्रॅम आहे. भागाकार केला तर एका सरणाचे कण एक किलोमीटर लांब, एक किलोमीटर रुंद आणि ५० मीटर उंच एवढी स्वच्छ हवा मर्यादेपर्यंत भरून टाकायला पुरतात. प्रत्यक्षात वारा धूर पांगवतो. पण हिवाळ्यात सकाळी हवा स्थिर असते आणि धूर आडवा पसरत वस्तीवर येतो, हे स्मशानभूमीच्या वाऱ्याच्या बाजूला राहणाऱ्यांना सांगावे लागत नाही.

लाकडाऐवजी गोवऱ्या वापरा, असेही एका वाचकाने लिहिले आहे. झाडे वाचतात हे खरेच. कोल्हापुरात शेणींवर अंत्यसंस्कार होतात आणि होळीच्या दिवसांत लोक स्मशानभूमीला शेणी दान करतात, ही प्रथा मला फार चांगली वाटते. पण धुराचा प्रश्न तिने सुटत नाही. शेणीत राख पुष्कळ आणि उष्णता लाकडापेक्षा कमी असते, त्यामुळे ती धुमसते जास्त. किलोमागे धूर लाकडापेक्षा अधिकच निघतो.

आता इंधनाचा हिशेब. ३०० किलो बऱ्यापैकी वाळलेल्या लाकडातून सुमारे साडेदहा लाख किलोकॅलरी उष्णता मिळते. देहातल्या ४० लिटर पाण्याची वाफ करायला लागते साधारण पंचवीस हजार, म्हणजे अडीच टक्केही नाही. वाफ पुढे तापवावी लागते, हाडे तापवावी लागतात, हे सगळे जमेस धरले तरी बहुतेक उष्णता आकाशातच जाते. बंद भट्टीत ती विटांमध्ये कोंडली जाते, म्हणून गॅसदाहिनीत एका दहनाला साधारण २० किलो एलपीजी पुरतो. हॉटेलवाल्यांचा व्यावसायिक सिलिंडर १९ किलोचा असतो, तेवढा एक धरा. त्याची उष्णता होते दोन लाख वीस हजार किलोकॅलरी, म्हणजे लाकडाच्या जवळजवळ पाचवा हिस्सा. विद्युतदाहिनी तापलेली असेल तर शंभर युनिटांच्या आसपास काम होते. मीटरवर हा आकडा सर्वांत लहान दिसतो, पण शंभर युनिटांसाठी वीजकेंद्रात ७० किलोच्या घरात कोळसा जळतो. तिथपासून मोजले तर वीज आणि गॅस जवळपास बरोबरीत येतात. कार्बन डायऑक्साइड मात्र गॅसचा साठ किलोच्या आसपास आणि कोळशावरच्या विजेचा नव्वद-शंभर किलो निघतो.

म्हणजे 'धूर चंद्रपूरला पाठवता' म्हणणारे कार्बनच्या बाबतीत बरोबर आहेत. कणांच्या बाबतीत मात्र नाहीत. वीजकेंद्रात राख पकडणारी विद्युत-स्थितिक यंत्रणा असते, ती चालू असेल तर ९९ टक्क्यांहून अधिक उडती राख अडवते आणि उरलेला धूर दोनशे मीटरहून उंच चिमणीतून सुटतो. सरणाचा धूर आपल्या खिडकीच्या उंचीवर सुटतो.

तरीही आपल्या गावाला विद्युतदाहिनी घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे, आणि कारण धुराचे नाही. लाखभर वस्तीच्या गावात वर्षाला सहाशे-सातशे मृत्यू होतात. सगळेच दहनाला या एका जागी येत नाहीत. दिवसाला एक, फार तर दोन दहने धरा. विद्युतदाहिनीच्या जाड विटा थंड असतील तर सहाशे-सातशे अंशांपर्यंत तापायला कित्येक तास लागतात आणि त्यात दहनापेक्षा जास्त वीज खर्ची पडते. शहरात एकामागून एक दहने होतात, तिथे भट्टी गार होतच नाही आणि विजेचा हिशेब जमतो. आपल्याकडे ती एक तर रिकामी तापत ठेवावी लागेल किंवा दर वेळी नव्याने तापवावी लागेल. दुसऱ्या प्रकारात आप्त बाहेर ताटकळत बसतील आणि 'जाऊ दे, सरणच रचू' म्हणतील. शिवाय विटा सारख्या तापून-गार होऊन तडकतात, कॉइल तुटतात. मग कुलूप आणि 'दाहिनी बंद आहे' ही पाटी. गॅसची भट्टी लवकर तापते आणि काम झाले की बंद करता येते. अंतराअंतराने होणाऱ्या दहनांना तीच सोयीची. तिच्या पंख्यालाही वीज लागते, पण ती गेली तर त्याला छोटा जनरेटर पुरतो. कॉइल तापवायला मात्र मोठाच लागेल.

आता मुख्य मुद्दा. गॅस असो वा वीज, दाहिनीतूनही धूर निघतो, कारण चरबी, कपडे, ब्लँकेट, प्लास्टिक आत जळत असते. तो धूर चिमणीत जाण्याआधी दुसऱ्या कक्षात न्यायचा असतो. तिथे वेगळा बर्नर किंवा कॉइल असते, तापमान साधारण आठशे ते हजार अंश ठेवतात आणि हवा देऊन धूर पुन्हा जाळतात. त्यानंतर पाण्याचे फवारे, म्हणजे स्क्रबर, आणि मग तीस मीटरची चिमणी. इंधन वाचवायला पहिली काट या दुसऱ्या बर्नरलाच लागते. त्याच्यावाचूनही देह जळतो, अस्थी मिळतात, काम अडत नाही. फक्त धूर जळत नाही. दुसरी काट स्क्रबरच्या पंपाला.

हे गेटबाहेर उभे राहून ओळखता येते. देह आत सरकवल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटे चिमणीकडे बघा. काळा धूर आला तर दुसरा कक्ष थंड आहे. पांढरे काही बाहेर पडून थोड्याच अंतरावर विरून गेले तर ती स्क्रबरची वाफ, तिची काळजी नको. पांढराच पण शेपटीसारखा लांबवर जाणारा धूर म्हणजे अर्धवट जळालेले इंधन. भट्टीच्या दाराच्या फटीतून धूर येत असेल तर ओढ देणारा पंखा बंद आहे किंवा त्याचा मार्ग काजळीने तुंबला आहे. आणि स्क्रबरच्या टाकीतले पाणी आठवड्यानंतरही नितळ असेल तर समजा, पंप चालूच झालेला नाही. दातांत चांदी भरलेली असते, तिच्यातला पारा यातल्या कोणत्याही पद्धतीत वाफ होऊन जातो, स्क्रबर त्याला फारसा अडवत नाही. तेवढी मर्यादा मान्य करावी लागते.

सरण मुळीच नको, असे मी म्हणणार नाही. कपाळमोक्ष, तिसऱ्या दिवशीचे सावडणे हे अनेक घरांना हवे असते आणि ते हक्काने मागतात. दिल्लीच्या 'मोक्षदा' संस्थेने १९९०च्या दशकापासून उंच जाळीचे, वर धुराडे असलेले सरण विकसित केले आहे. ओंडके जमिनीपासून वर असल्याने खालून हवा खेळते, बाजूंच्या पत्र्याने उष्णता टिकते आणि लाकूड दीडशे ते दोनशे किलोंत भागते. धूर गॅसइतका कमी होत नाही, पण लाकूड बरेच वाचते. पालिकेने एक गॅसदाहिनी आणि अशी दोन सरणे यांचा विचार करावा.

निविदा निघण्याआधी तिच्यात एवढे लिहून घ्यावे: दुसऱ्या कक्षाच्या तापमानाची आपोआप नोंद ठेवणारे यंत्र, तो ठरलेल्या अंशांवर गेल्याशिवाय भट्टीचे दार उघडणार नाही अशी कळ, आणि देखभालीचे बिल त्या नोंदी पाहूनच मंजूर करण्याची अट. ठेकेदार कळ काढून टाका म्हणून आग्रह धरेल. वेळ लागतो, असे सांगेल. नगरसेवकांनी त्या वेळी मला बोलवावे, मी चिमणीखाली उभा राहायला येतो.

आपला,
एक निवृत्त बॉयलर अटेंडंट