रांजणवाडी आणि थर्मास

तीर्थरूप आई-बाबा,
शि. सा. न.

पत्र बघून दचकू नका, सगळं ठीक आहे. फोनवर बाबा "हो हो, करतो" म्हणतात आणि फोन तुझ्या हातात देतात, म्हणून बाबांच्या रांजणवाडीबद्दल यावेळी कागदावरच लिहितेय. सोबतच्या खोक्यात थर्मास आहे आणि अर्धा डझन पांढरे सुती रुमाल.

आधी ते सांगून टाकते जे काल जिभेवर येऊनही बोलले नाही. या शनिवारी मी येत नाहीये. ऑफिसात ऑडिट आहे, चिनूची परीक्षा सोमवारी सुरू होते, आणि बंगळूरहून रात्रीच्या गाडीने येऊन दुसऱ्या रात्री परत फिरायचं म्हणजे मला तुमच्यापाशी चार तासही धड मिळत नाहीत. ही कारणं खरी आहेत. तरी ती तीनदा लिहून खोडली, यावरून काय ते समजा. सोमवारी सकाळी साडेदहाला डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ मात्र घेतली आहे. बंडूदादा रिक्षा घेऊन दहाला येईल. बाबा, विचारलं नाही याबद्दल रागवा, पण जा.

एका रांजणवाडीसाठी डॉक्टर कशाला, असं तुम्ही म्हणणार. एकीसाठी नाहीच. पण वर्षात ही तिसरी. पापणीच्या कडेला केसांच्या मुळाशी तेलाच्या बारीक ग्रंथी असतात, त्यांचं तोंड बुजलं की आत जंतू वाढतात आणि फोड येतो. असं पुन्हा पुन्हा होत असेल तर पापणीच्या कडेला कोंडा साठतोय का आणि साखर वर गेली आहे का, हे बघावं लागतं. तीन महिन्यांची साखर तपासायची चिठ्ठीही डॉक्टरांकडून घ्या. आणि गाठ त्याच जागी परत परत येत असेल तर तेही त्यांना सांगा, नुसती ड्रॉप्स घेऊन परत येऊ नका.

तोवर शेक. आई, हे तुझ्यासाठी. तव्यावर कापडाची पुरचुंडी गरम करून द्यायची नाही. पापणीची कातडी अंगावरच्या सगळ्या कातडीत पातळ, ती कोरड्या शेकाने भाजते. सकाळी चहाबरोबर पाणी खळखळून उकळ, थोडं थर्मासमध्ये भर, बाकीचं झाकून गार होऊ दे. शेकाच्या वेळी एक वाटी थर्मासमधलं आणि तीन वाट्या गार झालेलं असं मिसळ, म्हणजे दरवेळी गॅसपाशी उभं राहायला नको. पाणी सोसतंय का ते तू तुझ्या मनगटावर बघ, बाबांना बोट बुडवायला सांगू नकोस. साखरेमुळे त्यांच्या बोटांना हल्ली चटका लवकर कळत नाही, हे तुला माहीत आहेच.

मग हात साबणाने धुऊन रुमालाची चौपदरी घडी भिजवायची, पिळायची आणि मिटलेल्या डोळ्यावर नुसती ठेवायची. दाबायची नाही. दीड-दोन मिनिटांत ती कोमट होते, की पुन्हा बुडवायची. अशी दहा मिनिटं, दिवसातून चार वेळा. एवढा वेळ का, तर डिसेंबरात खोबरेलाची बाटली उन्हात ठेवायचीस ना, तसंच आहे. ग्रंथीतलं तेल घट्ट झालेलं असतं. एकदा गरम लावून उपयोग नाही, ऊब टिकली तरच ते पातळ होऊन वाट काढतं. बाबा बोट तळहातावर घासून डोळ्याला लावतात, त्यातली कल्पना बरोबरच आहे, पण ती ऊब दोन सेकंदांची.

बाबांना आरामखुर्चीत बसव, मानेखाली ती निळी उशी दे आणि रेडिओ लाव. बातम्या संपेपर्यंत शेक संपतो. चहा आधी देऊ नकोस, नाहीतर कपासाठी उठतील.

बाबा, मी चौथीत असताना मला रांजणवाडी झाली होती, आठवतंय? लाइट गेले होते. तुम्ही रुमाल कंदिलाच्या काचेवर धरायचात, आधी आपल्या गालाला लावून बघायचात आणि मग माझ्या डोळ्यावर ठेवायचात. रुमालाला रॉकेलचा वास यायचा. मी हात डोळ्याकडे नेला की तुम्ही तो धरून ठेवायचात आणि म्हणायचात, "तिला हात नाही लावायचा, ती आपली आपण जाईल." ते वाक्य मी आता तुमच्यावर उलटवतेय.

कारण दिवाळीत बेसिनच्या आरशासमोर तुम्ही काय केलंत ते आईने मला सांगितलंय. टोकाला पिवळा ठिपका दिसला, दोन नखांत धरलीत आणि पिळलीत. सकाळी पापणी पुरीसारखी फुगली आणि पाच दिवस गोळ्या घ्याव्या लागल्या. तुमची चूक काढत नाहीये, पिकलेला फोड बघून कुणाचेही हात शिवशिवतात. पण दोन्हीकडून दाबलं की पू फक्त बाहेरच येतो असं नाही, जिकडे वाट मिळेल तिकडे सरकतो, आतही. पापणीखालचा भाग सैल असतो, म्हणून तिथे जंतू पसरायला वेळ लागत नाही. वर नखांखालची घाण वेगळीच. शेक घेताना पहिले एक-दोन दिवस ती जास्त मोठी दिसेल. ते पिकणं आहे, घाबरू नका. पुढे तोंड पडून आपोआप फुटेल, तेव्हा ओल्या स्वच्छ कापसाने अलगद टिपायचं आणि आणखी दोन दिवस शेक चालू ठेवायचा. बहुतेक रांजणवाड्या आठवड्या-दोन आठवड्यांत अशाच जातात. दुखणं गेलं आणि टणक गाठ तेवढी राहिली, तरी तिला पिळायचं नाही, ती डॉक्टरांना दाखवायची.

मात्र सगळी पापणी लाल होऊन तापली, ताप आला, डोळा फिरवताना दुखलं किंवा एकाची दोन दिसायला लागली, तर सोमवारची वाट बघायची नाही. त्याच दिवशी, रात्र असली तरी, बंडूदादाला फोन. आई, हे तू बघ, कारण बाबा सांगणार नाहीत.

रुमाल एका वेळी एकच वापर, मग साबणाने धुऊन गच्चीवर कडक उन्हात वाळत घाल. बाबांचा टॉवेल काही दिवस वेगळा ठेव. लसूण, लवंग उगाळून लावणं, काजळ, यातलं काहीही नको. पाटलीणकाकू सांगतील, त्यांना हो म्हण आणि करू नकोस.

पुढच्या महिन्यात पंधरा तारखेला चिनूला घेऊन चार दिवस येतेय. तिकीट काढलंय. बाबांनी बाजारातून पोतंभर काही आणून ठेवू नये.

तुमची,
ताई

ता. क. फ्रिजच्या दारात मोतीबिंदूच्या ऑपरेशनची ड्रॉप्स अजून आहेत, मी गेल्या वेळी पाहिलीत. उघडलेली बाटली महिन्यानंतर वापरायची नसते, आणि त्यात स्टिरॉइड असतं, ते डॉक्टरांना न विचारता घातलं तर डोळ्यातला दाब वाढू शकतो. आजच कचऱ्यात टाका आणि रिकाम्या दाराचा फोटो पाठवा.