ताप येण्याच्या आदल्या दिवसाचे काय?

माननीय संपादक महोदय,

फ्लूची साथ आली की शाळांच्या आणि कार्यालयांच्या दारात कपाळावर रोखायचे तापमापक दिसू लागतात. 'ताप असल्यास घरी थांबा' अशी पाटीही लागते. सूचना बरोबर आहे, पण त्या यंत्राला ताप येण्याच्या आदला दिवस दिसत नाही. फ्लू लागलेला माणूस साधारण त्याच दिवसापासून विषाणू बाहेर टाकू लागतो.

याचे कारण साधे आहे. ताप विषाणू आणत नाही, तो आपले शरीर आणते. विषाणू नाका-घशातल्या पेशीत शिरला की काही तासांतच तिथून नवे विषाणू बाहेर पडू लागतात आणि शेजारच्या पेशींत शिरतात. या हल्ल्याची खबर रक्तातून मेंदूपर्यंत जाऊन हुडहुडी भरायला, अंग मोडून यायला मात्र आणखी वेळ लागतो. निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात मुद्दाम विषाणू सोडून केलेल्या 56 अभ्यासांचा आढावा 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विषाणूचे प्रमाण अर्ध्या ते एका दिवसात झपाट्याने वाढून दुसऱ्या दिवशी शिगेला पोचलेले दिसले, तर त्रास सर्वाधिक झाला तिसऱ्या दिवशी. लागण झालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश जणांना तर काहीच जाणवले नाही.

खोकला नसताना विषाणू बाहेर पडतो कसा, हा प्रश्न रास्त आहे. बोलताना, हसताना, नुसता श्वास सोडतानाही अगदी बारीक थेंब उडतात, आणि नाकाला लागलेला हात दुसऱ्याच्या हातात जातोच. अर्थात खोकणाऱ्या रुग्णापेक्षा हे प्रमाण कमी असते. सर्वांत जास्त प्रसार दुखण्याच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच होतो. म्हणून प्रत्येक धडधाकट माणसाकडे संशयाने पाहायची गरज नाही. पाहायचे ते एकाच ठिकाणी: ज्या घरात कुणी आजारी पडले आहे, त्या घरातल्या बाकीच्यांकडे.

उदाहरणच घेऊ. संक्रांतीनंतरच्या एका शुक्रवारी दुपारी शाळेत शेजारच्या मुलाकडून आठ वर्षांच्या मुलाला फ्लू लागला. शनिवारी संध्याकाळपासून तो विषाणू टाकू लागला, पण दिसायला ठणठणीत. रविवारी दुपारी घरी हळदीकुंकू. थंडी म्हणून खिडक्या बंद, खोलीत पंधरा बायका, आणि हा तिळगूळ वाटत फिरतोय. रात्री त्याला 102 ताप भरला. पाहुण्यांपैकी कुणाला लागण झाली असेल तर ती बहुधा मंगळवारी, फार तर गुरुवारपर्यंत आजारी पडेल, आणि दोष देईल गारठ्याला नाही तर संत्र्यांना.

इथवरचे कुणाला टाळता आले नसते. चुकते ते पुढे. मुलाची आई शनिवारी रात्री त्याच्याजवळच झोपली होती. सोमवारी दुपारी तिला काहीही होत नाही, म्हणून ती दुसरीकडे वाण घ्यायला जाते आणि मंगळवारी पहाटे तिला कणकण येते. सोमवारी ती त्याच 'आदल्या दिवसात' होती. रविवारच्या मुलाबद्दल कुणालाच कल्पना नव्हती, सोमवारच्या आईबद्दल मात्र अंदाज बांधता येत होता, कारण घरात ताप आलेला होता.

फ्लूची लागण ते लक्षणे हे अंतर एक ते चार दिवसांचे, बहुधा दोन दिवसांचे असते. म्हणून घरात ताप आला की बाकीच्यांनी रुग्णाशी शेवटचा जवळचा संबंध आल्यापासून चार दिवस म्हाताऱ्यांच्या, तान्ह्या मुलांच्या घरी जाणे आणि समारंभ टाळावेत. कामाला जावेच लागले तर मास्क लावावा, जेवायला वेगळे बसावे. या दिवसांत अंगात ताप नाही, यावर विसंबू नये. लक्षणांआधी केलेल्या तपासणीवरही विसंबू नये, कारण विषाणू कमी असेल तर ती 'निगेटिव्ह' येऊ शकते. रुग्णाने बाहेर पडण्याआधी पॅरासिटामॉल न घेता पूर्ण 24 तास तापाविना गेले पाहिजेत. सकाळी गोळी देऊन शाळेत पाठवलेले मूल फाटकावरच्या तापमापकाला हमखास चकवते.

संपर्कातल्यांना कळवताना मोजणी तापाच्या दिवसापासून नको, त्याच्या एक दिवस आधीपासून हवी. आपल्या उदाहरणात शनिवारी रात्री जेवायला आलेल्यांनाही फोन जायला हवा. त्यांच्यात गरोदर बाई, पासष्टीपुढचे कुणी, पाच वर्षांखालील मूल किंवा मधुमेही, दम्याचा रुग्ण असेल, तर पहिली कणकण येताच त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायला सांगावे. ऑसेल्टामिविर हे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून 48 तासांच्या आत सुरू केले तर सर्वाधिक उपयोगी पडते, आणि 'दोन दिवस वाट पाहू' म्हणण्यात नेमके तेवढेच तास जातात.

– एक वाचक, महाल, नागपूर