आठवी-नववीच्या त्या दादा-ताई लोकांना थँक्यू

लेकीची पाचवीपर्यंतची शाळा छोटी होती, आता दादरच्या मोठ्या शाळेत सहावीला गेली आणि ओळखीचं एकही पोरगं नाही. पहिल्या दिवशी ज्या आठवी-नववीच्या दादा-ताईंनी खेळ घेतले त्यांची नावंसुद्धा मला माहीत नाहीत, म्हणून इथेच मनापासून आभार मानते.

सगळ्यात भारी होता तो चौकटींचा खेळ. कागदावर सोळा चौकटी, प्रत्येकीत एक गोष्ट, 'लोकलने शाळेत येतो', 'पोहता येतं', 'घरात मांजर आहे' असं, आणि जो तसा असेल त्याची सही घ्यायची, एकाची एकदाच, म्हणजे चौकटी भरायला सोळा वेगवेगळ्या मुलांशी बोलावंच लागतं. मार्क, आईबाबांची नोकरी असलं काही त्यात नव्हतं, हे मला फार आवडलं.

पण पोरं नुसती पळत सह्या गोळा करायला लागली, कोणी कोणाकडे बघेना. एका ताईने लगेच खेळ थांबवला आणि नियम वाढवला, सही घ्यायच्या आधी त्या गोष्टीवर एक प्रश्न विचारायचा आणि शेवटी कोणाचंही नाव घेऊन त्याचं उत्तर सांगायचं. जोड्यासुद्धा त्यांनीच चिठ्ठ्यांनी लावल्या, कारण 'पार्टनर निवडा' म्हटलं की जुन्या शाळेतले एकत्र येतात आणि माझ्या मुलीसारखी एकटी उरते. तिच्या वाट्याला मांजरवाली मुलगी आली, आता दोघी डबा एकत्र खातात.

त्या ताईला कोणी ओळखत असेल तर हे नक्की दाखवा!