पगार लांबल्याचं पत्र, तुझं आणि माझं

प्रिय मनू,

तुझा ड्राफ्ट काल रात्री वाचला, सकाळी चहा घेताना परत वाचला. फोनवर म्हणालीस ना, बाबा जरा सॉफ्ट करून द्या, पण अगं सॉफ्ट तर तो आधीच इतका आहे की हाताला काही लागतच नाही. "पगार" हा शब्द नवव्या ओळीत येतो. त्याच्या आधी बाजारातली परिस्थिती, कंपनीचा प्रवास, आपण सगळे एक कुटुंब, हे सगळं. मी इतकी वर्षं पगारपत्रकं केली, नोटीस बोर्डासमोर उभी राहणारी माणसं बघितली, कोणी वरून खाली वाचत नाही, आकडा आणि तारीख शोधत नजर थेट खाली जाते. आणि लांबलचक प्रस्तावना दिसली की वाचायच्या आधीच पोटात गोळा येतो.

आमच्याकडे एकदा "काही अपरिहार्य कारणास्तव" असं लिहून नोटीस लावली होती. उशीर झाला चारच दिवस, पण दुपारपर्यंत कंपनी विकली जाणार अशी बातमी पसरली, दोघांनी तर दुसरीकडे अर्जही टाकले. कारण लिहिलं नाही की लोक आपापलं कारण तयार करतात आणि ते खऱ्यापेक्षा नेहमी वाईट असतं. तू "तांत्रिक अडचण" लिहिलंयस ते पहिलं काढ. क्लायंटचं पेमेंट अडकलंय हे तुमच्या अकाउंट्समधल्या पोराला माहितेय, म्हणजे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना माहीत होणार.

आता तारीख. "लवकरात लवकर" नको, "12 तारखेला" लिही, पण त्याआधी मला सांग 12 कुठून आली? क्लायंट 10 ला देतो म्हणाला म्हणून असेल तर ती तारीख त्याची झाली, तुझी नाही. बँकेकडून तात्पुरती सोय पक्की झाली असेल तरच "होईल" लिही. कारण एकदा लांबलेला पगार लोक सांभाळून घेतात, दिलेली दुसरी तारीख चुकली की मग तुझ्या कुठल्याच कागदावर विश्वास राहत नाही. सोय पक्की नसेल तर पुढची बातमी कधी देणार ते तरी पक्कं लिही, ते तुझ्या हातात आहे.

"थोडासा उशीर" मधलं थोडासा पण काढ. पाच दिवस तुला थोडे, ज्याचा हप्ता 8 ला खात्यातून कटतो त्याला बँक दंड लावते. कागद मऊ करायचा असेल तर तो इथे होतो गं, गोड शब्दांनी नाही. काही रक्कम आधीच बाजूला काढ, ज्यांना अडचण आहे त्यांना अॅडव्हान्स दे. पण किती जणांना पुरेल ते आधी मोजून ठेव, नाहीतर पहिल्या तिघांना मिळतं आणि चौथ्याला नाही म्हणायची वेळ येते, ते फार वाईट.

मी असं लिहिलं असतं बघ, सोय पक्की आहे असं धरून:

"या महिन्याचा पगार 7 तारखेला होणार नाही. तो 12 तारखेला पूर्ण जमा होईल. एका मोठ्या क्लायंटचं पेमेंट आलेलं नाही, त्यामुळे खात्यात सगळ्यांच्या पगाराइतके पैसे नाहीत. 12 तारखेसाठी बँकेकडून सोय झाली आहे. मधल्या दिवसांत ज्यांचा हप्ता किंवा भाडं आहे त्यांनी मला परवापर्यंत सांगावं, काही रक्कम आधी देऊ, सांगितलेलं माझ्यापाशीच राहील. काही बदल झालाच तर 11 तारखेला दुपारपर्यंत मी स्वतः कळवेन. तुमच्या कामाचे पैसे वेळेवर देता आले नाहीत, याबद्दल माफी मागते."

बास. माफी एकदाच, आणि "सहकार्याबद्दल धन्यवाद" अजिबात नको, त्यांनी सहकार्य केलेलं नाही अजून, त्यांना कोणी विचारलंही नाही.

बोनसचं यात घालू नकोस, त्याचा वेगळा कागद कर. आणि बोनस रद्द झालाय ना, मग "तूर्तास स्थगित" कशाला? तुला वाटतं बरं वाटेल, पण लोक त्या भरवशावर खर्च ठरवतात आणि सहा महिन्यांनी तुलाच विचारतात कधी देताय म्हणून. रद्द म्हण, का ते एका वाक्यात सांग, पुढच्या वर्षीचं काही ठरलं नसेल तर त्याबद्दल बोलू नकोस.

शुक्रवारी संध्याकाळी पाठवून घरी जायचं नाही हां. उद्या सकाळी पाठव, त्याआधी टीम लीडना तोंडी सांग म्हणजे ते बिचारे बावचळणार नाहीत, आणि दिवसभर जागेवर बस. लोक येतील, काही जण नुसतेच दारात उभे राहतील, त्यांना तूच आत बोलव.

रात्री फोन कर, कितीही उशीर झाला तरी.

बाबा