ऑडिओलॉजिस्ट ताईंना, दोन रेघांमधल्या अंतराबद्दल

ताई, सप्रेम नमस्कार.

सर्जनांचे आभार मानून झाले, पेढेही देऊन झाले. पण कानाच्या ऑपरेशनसाठी त्यांच्यापर्यंत मी पोचले ती तुमच्या ऑडिओग्राममुळे, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखामुळे, आणि ऑपरेशन करावं की नाही हे ठरवता आलं तेही तुम्ही त्या कागदावर बोट ठेवून समजावलंत म्हणून. हे पत्र मुद्दाम उघडं लिहितेय. तिशीच्या आसपास ऐकू कमी यायला लागलंय आणि ‘पडदा उत्तम आहे’ एवढं ऐकून घरी परत आलोय, असं कुणी असेल तर त्याच्याही हाती ते लागावं.

मीही तशीच परतले होते. कानात बॅटरी मारून बघितलं की सगळं स्वच्छ दिसायचं. एकीकडे मळाचे थेंब मिळाले, दुसरीकडे टेन्शन घेऊ नका म्हणाले. तुम्ही मात्र कानात बघण्याआधी विचारलंत, ‘वर्गाच्या गोंगाटात जास्त नीट ऐकू येतं की स्टाफरूमच्या शांततेत?’ वर्गात! हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण बहिरं माणूस गोंगाटात बरं ऐकतं यावर विश्वास कोण ठेवणार? तुम्ही म्हणालात, गोंगाटात समोरचा आवाज चढवून बोलतो, आणि आजूबाजूचा कलकलाट मला तसाही कमीच जाणवतो, म्हणून. मग विचारलंत, कुरडई खाताना स्वतःचंच चावणं कानात घुमतं का, मी इतकी हळू बोलते ती पहिल्यापासूनच का, घरात आणखी कुणाला असं आहे का. स्वतःचा आवाज हाडातून मला मोठा ऐकू येतो, म्हणून मी नकळत तो दाबते. नवरा कायम ‘जरा मोठ्याने बोल’ म्हणायचा त्याचं उत्तर मला त्या दिवशी मिळालं.

मग तो ट्युनिंग फोर्क. उजव्या कानासमोर धरलात तेव्हा जेमतेम गुणगुण, आणि त्याचा दांडा कानामागच्या हाडावर टेकवलात तर चांगला खणखणीत. निरोगी कानात याच्या उलट होतं म्हणालात. कपाळाच्या मध्यावर टेकवलात तर आवाज उजवीकडे सरकला, म्हणजे जो कान जास्त खराब त्याच बाजूला. अर्धं निदान तिथेच झालं होतं, हे आता कळतं.

ऑडिओग्रामवर दोन रेघा होत्या. हेडफोनमधून ऐकलेल्याची वेगळी, कानामागे लावलेल्या कंपकाची वेगळी. उजव्या कानाची हवेतून येणारी रेघ ५५ डेसिबलच्या आसपास, हाडातून येणारी १५ ला. आकडा जितका मोठा, तितकं ऐकू कमी. कंपक मधल्या कानाला वळसा घालून थेट आतल्या कानाला आवाज पोचवतो. तेव्हा आतला कान शाबूत आहे, अडथळा मध्ये आहे. मधल्या कानातलं तिसरं हाड, रिकीब, जेमतेम ३ मिलिमीटरचं. त्याच्या तळाभोवती नवं हाड वाढतं आणि पावसाळ्यात फुगलेलं दार चौकटीत घट्ट बसावं तसा तो तळ आतल्या कानाच्या खिडकीत अडकतो. हा ओटोस्क्लेरोसिस. डावा कानही त्याच वाटेवर होता, फक्त मागे.

त्या दोन रेघांमध्ये तुम्ही पेन्सिलीने रेषा मारून म्हणालात, ‘ऑपरेशन एवढंच भरून काढू शकतं. हाडाची रेघ जिथे आहे, तिच्या पलीकडचं काही मिळत नाही.’ २००० हर्ट्झला हाडाच्या रेघेला एक खाच होती, तिथे ती ३० पर्यंत उतरली होती. मी घाबरले, तर तुम्ही म्हणालात की तिथे नस गेलेली नाही, हाड अडकल्याने ती तशी दिसते, बहुतेकदा ऑपरेशननंतर भरून येते. दुसऱ्या बाजूने हेही सांगितलंत की ऑपरेशनने आवाजाला वाट मिळते, आजार थांबत नाही. पुढे तो आतल्या कानात शिरलाच तर हाडाची रेघही घसरू शकते.

मला सर्वांत मोलाचं वाटलं ते हे, की तुम्ही ऑपरेशनचा आग्रह धरला नाहीत. आधी ऐकण्याचं मशीन लावून फिरवलंत. ऐकू छान आलं. तेव्हा ऑपरेशन ही गरज नव्हती, निवड होती. अनुभवी हातांत दहातल्या नऊ जणांचं अंतर १० डेसिबलच्या आत येतं, पण शंभरात एखाद्याचा तो कान कायमचा जातो, हे तुम्ही त्याच दमात सांगितलंत. म्हणून आधी जास्त खराब कान, आणि दुसरा निदान सहा महिने ते वर्षभर थांबून. ज्याला एकाच कानाने ऐकू येतं त्याच्या त्या कानाला सहसा हात लावत नाहीत, हेही तेव्हाच कळलं.

ऑपरेशन भूल देऊन, पण जागेपणी झालं. पडद्याची कड उचलून आत जातात, रिकिबीचा वरचा भाग काढतात, तळाला पाऊण मिलिमीटरचं भोक पाडतात, आणि त्यात बसणारा टेफ्लॉनचा पिस्टन दुसऱ्या हाडाला, ऐरणीला, अडकवतात. तो अडकवला त्या क्षणी टेबलावरची कुजबुज मला ऐकू आली. सिस्टर कुणाला तरी चहाचं विचारत होत्या. नंतर कानात बोळा गेला आणि पुन्हा सगळं बंद. तुम्ही आधी सांगितलं नसतं तर ऑपरेशन फसलं म्हणून मी रडले असते.

दोन दिवस चक्कर होती. जिभेच्या उजव्या बाजूला नाणं चोखल्यासारखी चव तर कितीतरी आठवडे राहिली, कारण चवीची एक नस पडद्यामागून जाते आणि ती बाजूला सारावी लागते. नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून, जड उचलायचं नाही. चक्कर वाढत गेली किंवा आलेलं ऐकू एकदम कमी झालं तर थांबायचं नाही, लगेच यायचं, ही तुमची ताकीद फ्रिजवर लिहून लावली होती. तशी वेळ आली नाही.

दीड महिन्याने तुम्हीच तपासणी केलीत. उजव्या कानाची हवेची रेघ २० वर, २००० ची खाच १५ पर्यंत भरलेली. ४००० ला मात्र थोडं अंतर उरलंय, त्यामुळे ‘स’ आणि ‘श’ अजून पुसट येतात. आणि स्टीलचं पातेलं पडलं की कान झणाणतो, कारण मोठ्या आवाजाला लगाम घालणारा स्नायूचा दोर ऑपरेशनमध्ये कापावा लागतो. स्वयंपाकघरात आता सगळ्यांना दटावते.

आईचंही सांगते, कारण तिला घेऊन तुमच्याकडे मीच आले. तिची हवेची रेघ ८५ ला होती, हाडाची ५० ला. मी ऑपरेशनच्या तयारीत होते. तुम्ही तिलाच कागद दाखवून सांगितलंत, ऑपरेशन उत्तम झालं तरी ५० वर थांबणार, मशीन लागणारच, फक्त कमी ताकदीचं चालेल. आई म्हणाली, मशीन लावायचंच आहे तर चिरफाड कशाला? तिने मशीन घेतलं, आणि आता मालिका कमी आवाजात बघते. घरच्यांनी तेवढ्यासाठीच तुमचे आभार मानायला सांगितलेत.

डाव्या कानाचं पुढच्या वर्षी बघू. त्याआधी धाकट्या भावाला आणतेय. आईवडिलांपैकी एकाला असेल तर मुलांत उतरू शकतं, पण उतरलेल्या सगळ्यांनाच त्रास होतो असं नाही, हे त्याला समजावलंय. तो म्हणतो, मला सगळं ऐकू येतं. वहिनीचं मत वेगळं आहे.

तुमची आभारी,
उजव्या कानाची पेशंट